इंटर्नशिपच्या पुढच्या फेरीआधी: नकार नेमका कुठे आला?

नकार आला की पहिला हात रिझ्युमेला लागतो. टेम्प्लेट बदलतं, रंग बदलतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच होतं. म्हणून रिझ्युमे उघडण्याआधी एक साधा तक्ता करा. प्रत्येक अर्जाची एक ओळ, आणि त्यात कंपनी, काम, ठिकाण, मागितलेला कालावधी, पात्रतेची अट, पाठवलेला रिझ्युमे आणि अर्ज कुठवर पोचला ते. जुने ईमेल आणि पोर्टलवरची अर्जांची यादी चाळली तर एका दुपारी हे होतं.

समजा, जळगावच्या एका कॉलेजातला इलेक्ट्रॉनिक्सचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. त्याने ३० अर्ज केले. २४ ठिकाणांहून काहीच आलं नाही, २ ठिकाणी ऑनलाइन चाचणीत आणि ४ ठिकाणी मुलाखतीत अडलं. वरवर पाहता दोष रिझ्युमेचा. पण त्या २४ जाहिराती पुन्हा नीट वाचल्यावर दिसतं, की ९ ठिकाणी सहा महिने पूर्णवेळ हवा होता आणि याला मिळणार उन्हाळ्याची सुट्टी. आणखी ५ ठिकाणी फक्त शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी चालणार होते. म्हणजे १४ अर्ज मुळातच फुकट गेले. उरलेल्या १६ पैकी ६ जणांनी बोलावलं, हे काही वाईट नाही. खरी गळती जागा निवडण्यात आणि मुलाखतीत आहे. आकडे लहान असल्याने हा फक्त अंदाज, पण कामाला लागण्यापुरता पुरेसा.

त्यामुळे पुढच्या यादीत कालावधी, वर्ष आणि शाखा जुळल्याशिवाय नाव घालू नका. पुण्याच्या जागेसाठी अर्ज करताना ‘अमुक तारखेपासून आठ आठवडे पुण्यात राहू शकतो’ हे रिझ्युमेत वरच लिहा, नाहीतर पत्त्यात जळगाव वाचून पुढचा माणूस काहीही गृहीत धरतो. जवळच्या जागाही यादीत घ्या. जळगाव एमआयडीसीत पाइप, ठिबक, चटई आणि डाळीचे कारखाने आहेत, भुसावळजवळ दीपनगरचं वीज केंद्र आहे. लहान कारखाने इंटर्नची जाहिरात सहसा टाकत नाहीत. तिथे कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाचं पत्र आणि छापील रिझ्युमे घेऊन सकाळी गेटवर जावं, देखभाल विभाग कोण बघतं ते विचारावं. इंटर्नशिपसाठी उलट आपल्याकडूनच पैसे मागणारी जागा यादीतून खोडा.

रिझ्युमेची तपासणी थोडक्यात. एक पान, पीडीएफ. त्यातला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. दोन रकान्यांच्या टेम्प्लेटमध्ये ओळी एकमेकींत घुसतात, आणि छाननीचं सॉफ्टवेअरही तसंच गोंधळू शकतं. तसं झालं तर एकाच रकान्यात लिहा. ‘मेहनती’, ‘टीममध्ये काम करणारा’ हे शब्द काढून टाका. ‘ठिबकसाठी ओलावा मोजणारी यंत्रणा बनवली’ एवढ्यावरही भागत नाही. कोणता बोर्ड, कोणता सेन्सर, किती दिवस चालवली, काय सुधारलं, हे दोन ओळींत यायला हवं.

जास्त वेळ मुलाखतीला द्या, कारण आपल्या उदाहरणात तिथेच चार संधी गेल्या. मुलाखत संपल्यावर तासाभरात आठवतील ते सगळे प्रश्न लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा: येत होतं आणि सांगितलं, येत होतं पण सांगता आलं नाही, येतच नव्हतं. तिसरी खूण असेल तर अभ्यास. दुसरी असेल तर मोबाइलवर दीड मिनिटाचं उत्तर रेकॉर्ड करून ऐकायचं. मुलाखत इंग्रजीत असली की घरी अहिराणी आणि कॉलेजात मराठी बोलणाऱ्यांच्या तक्त्यात ही दुसरी खूण बरीच सापडेल, आणि ती अभ्यास वाढवून जात नाही. सुरुवातीलाच ‘मधे हिंदी वापरली तर चालेल का’ असं विचारण्यात कमीपणा नाही.

त्याच ओलाव्याच्या प्रोजेक्टवर खोदून विचारतील ते असं: सेन्सरचा आकडा टक्के आहे का? अर्डुइनो उनो ० ते १०२३ असा आकडा देतो, तो टक्के नव्हे. कोरड्या आणि पूर्ण भिजलेल्या मातीत आकडे घेऊन मधलं प्रमाण बसवावं लागतं, आणि हे काळ्या मातीसाठी वेगळं करावं लागतं. काही आठवड्यांत आकडे का बदलले? स्वस्त रोधक सेन्सरच्या उघड्या पट्ट्यांतून सतत वीज गेली की त्या गंजतात. म्हणून वाचन घेतानाच वीज द्यावी किंवा कपॅसिटिव्ह प्रकारचा सेन्सर वापरावा. आपल्या प्रोजेक्टवर असे पाच ‘का’ लिहून उत्तरं तयार ठेवा. एकाचंही उत्तर सुचलं नाही, तर ती ओळ रिझ्युमेत ठेवायची का ते ठरवा.

व्हिडिओ मुलाखतीआधी माइकची चाचणी पंखा चालू ठेवून करा. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं जमणार नाही, आणि फुल स्पीडच्या पंख्याचा घुंघुं आवाज उत्तर गिळतो. तारेचा इअरफोन लावल्यास बराच फरक पडतो. लाइट गेली तर म्हणून मोबाइल पूर्ण चार्ज आणि हॉटस्पॉट तयार.

पुढचे दहा अर्ज निवड सुधारून, पण वरच्या किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर तोच रिझ्युमे ठेवून पाठवा. दोन्ही एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. दहा योग्य अर्जांतून एकही बोलावणं आलं नाही, तर मग रिझ्युमे नव्याने लिहायला घ्या.