वेडेपणाचा बचाव घेताना या चुका टाळा

स्किझोफ्रेनियाची जाडजूड फाइल कोर्टापुढे ठेवली की आरोपी सुटतो, असं पुष्कळ नातेवाइकांना वाटतं. केस बिघडते ती इथेच. भारतीय न्याय संहितेचं कलम 22 (1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांसाठी भारतीय दंड संहितेचं कलम 84) आजाराच्या नावावर थांबत नाही. कृत्य करत असताना मनोविकलतेमुळे त्या माणसाला कृत्याचं स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे, कळणंच अशक्य होतं का, असा त्याचा प्रश्न आहे.

एक कल्पित प्रसंग घेऊ. दहा वर्षं आजारी असलेल्या तरुणाच्या गोळ्या तीन आठवड्यांपासून बंद आहेत. भरदुपारी ओसरीवर झोपलेल्या काकांच्या गळ्याभोवती त्याला साप दिसतो. तो कोयत्याने वार करतो आणि काका जागीच मरतात. शेजारी धावत येतात, तेव्हा तो तिथेच बसलेला असतो: "साप मारला, आता काकांना उठवा." आपल्या हातून माणूस मारला जातोय हेच त्याला कळलेलं नाही. कृत्याचं स्वरूप न कळणं म्हणतात ते हेच.

आता तोच तरुण, तीच फाइल. पण वारानंतर त्याने कोयता उसात लपवला, शर्ट धुतला आणि पोलिसांना "मी मळ्यात होतो" असं सांगितलं. आजार खरा असूनही हा बचाव टिकणं फार अवघड.

म्हणूनच डॉक्टरला साक्षीला बोलावून शेजाऱ्यांना काहीच न विचारणं ही मला सगळ्यात महाग चूक वाटते. डॉक्टरने त्याला बहुधा घटनेच्या आधी किंवा नंतर पाहिलेलं असतं. त्या दुपारी तिथे शेजारी होते. सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतच विचारा: तो काय बोलला, पळाला का, काही लपवलं का? महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या आरोपातून सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सोडलं. घटनेच्या आधीचे आणि नंतरचे उपचार तिथे पुराव्यात होतेच, शिवाय त्याने लपण्याचा वा पळण्याचा प्रयत्न केला नव्हता, हेही न्यायालयाने पाहिलं.

बचाव सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, म्हणून काही वकील आधीच हात टेकतात. तेही चूक. दह्याभाई ठक्कर खटल्यात 1964 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीने शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकवलं तरी पुरे. तेवढंही जमलं नाही, पण त्याच पुराव्यामुळे हेतूबद्दल वाजवी शंका उरली, तर तिचा फायदा त्यालाच मिळतो.

आरोपीला आज खटला समजत नसेल, तर तो मुद्दा वेगळा. त्याने सुनावणी पुढे ढकलली जाते. त्या दुपारचा निर्णय त्यातून लागत नाही.

आणि निर्दोष सुटला म्हणजे संध्याकाळी घरी, असं कुटुंबाला सांगू नका. कृत्य त्यानेच केलं असं ठरलं असेल, तर न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायला सांगतं किंवा हमी देणाऱ्या नातेवाइकाकडे सोपवतं. ती हमी कोण देणार आणि गोळ्या कोण सांभाळणार, हे निकालाआधीच ठरवून ठेवा.