उरलेला भात, उरलेलं वरण: नव्या आचाऱ्यांना पत्र

सगळ्या महाराजांना आणि मदतीला आलेल्या मावशींना नमस्कार.

तुमच्यातल्या बहुतेकांचा हात लग्नकार्यात तयार झालाय, त्यामुळे स्वयंपाकाबद्दल मी काही सांगायला नको. पण पंगत उठली की तिथलं काम संपतं. मेसमध्ये पोरं जेवून गेल्यावर जे टोपात उरतं, त्याचं काम तिथून सुरू होतं. हे पत्र तेवढ्यापुरतं आहे.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. दुसऱ्या एका वसतिगृहात मी स्टोअर सांभाळत होतो. दुपारी बारा वाजता उतरवलेला भात बराच उरला. टोपावर झाकण ठेवून तो ओट्याखाली सरकवला. रात्री आठला त्याचा फोडणीचा भात झाला. दहा वाजेपर्यंत एकेका खोलीतून उलट्यांचे आवाज यायला लागले. ताप कुणालाच नव्हता. फक्त पोळीभाजी खाऊन गेलेली पोरं ठणठणीत होती. आम्ही आधी पाण्याच्या टाकीवर संशय घेतला, मग तेलावर. आचारी शपथ घेऊन सांगत होता, ‘भात धूर निघेपर्यंत परतलाय, कढईला हात लावता येत नव्हता.’ तो खरंच बोलत होता, आणि तरीही दोष भाताचाच होता. ते कसं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

कच्च्या तांदळावर मातीतून आलेला एक जंतू असतो, बॅसिलस सीरियस. तांदूळ कितीही धुवा, शिजवा, त्याचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते फुटतात, वाढतात आणि भातातच विष सोडतात. त्याने साधारण तासाभरापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. कुकरमध्येही ते टिकतं, मग कढईची काय कथा. म्हणजे आमच्या आचाऱ्याने रात्री जंतू मारले, पण विष दुपारीच तयार झालं होतं. त्याला ना वास, ना चव. ‘आंबला नाही, चिकट नाही, म्हणजे चांगला आहे’ हा हिशोब भाताला लागू पडत नाही. आंबलेला टाकायचाच, पण न आंबलेला सुरक्षित असेलच असं नाही.

म्हणून भाताची सगळी राखण गार करतानाच करायची. शेवटची वाढणी संपली की टोप भट्टीजवळ ठेवायचा नाही. भात लगेच उथळ ट्रेमध्ये पसरायचा, थर चार बोटांचा नको, दोन-तीन बोटांचा, म्हणजे ५ सेंटिमीटरच्या आत. झाऱ्याने हलका मोकळा करायचा, दाबायचा नाही. आपल्या मोठ्या ट्रेमध्ये साधारण सहा-सात किलो भात मावतो. बारा किलो उरला तर दोन ट्रे लागणारच, एकात कोंबू नका. धुतलेल्या पातळ कापडाने झाकून पंख्याखाली ठेवा. वाफ गेली की ट्रे फ्रीजमध्ये, एकावर एक न रचता, मध्ये हवा खेळेल असे. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकण. नियम असा: ६० अंशांवरून २१ वर दोन तासांत, आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. पहिले दोन तास महत्त्वाचे, कारण जंतू सगळ्यात जोमाने वाढतात ते याच टप्प्यात.

आता वरण. इथे फसगत वेगळी आहे. एकदा मी मुद्दाम मोजून पाहिलं. रात्री दहाला तीस लिटर वरण टोपात, झाकण लावून, ८० अंशांवर होतं. सकाळी सहाला मधोमध थर्मामीटर घातला तर ४२! रात्रभर उघड्या जागेत राहूनही ते गार झालं नव्हतं. दाट डाळ स्वतःची उष्णता धरून बसते. आणि चाळिशी-पंचेचाळिशीचं तापमान म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या दुसऱ्या जंतूची चंगळ. त्याचेही बीजाणू उकळीतून वाचतात. उकळीने डाळीतली हवा निघून गेलेली असते, आणि याला बिनहवेची जागाच आवडते. अनुकूल परिस्थितीत दहाएक मिनिटांत तो दुप्पट होतो. खाल्ल्यावर बहुधा सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब.

याच्यात एक दिलासा आहे: हा जंतू माणसाच्या पोटात गेल्यावर विष तयार करतो, त्यामुळे नीट उकळलं तर तो आधीच मरतो. पण म्हणून रात्रभर टोप बाहेर ठेवून सकाळी उकळी काढायची, हे मी चालू देणार नाही. भातातला जंतू डाळीतही सापडतो.

मग तीस लिटर वरणाचं करायचं काय? तसाच गरम टोप फ्रीजमध्ये ढकलायचा नाही. वरण गार होत नाहीच, वर शेजारचं दूध आणि दही तापतं. ते पाच-सहा पातेल्यांत वाटून घ्या, पातेली नळाच्या पाण्याच्या हौदात ठेवा, डावाने अधूनमधून ढवळा. पाणी तापलं की बदला. दोनदा बदलल्यावर वरण चाळिशीच्या घरात येतं. त्याच्या खाली नळाचं पाणी उपयोगी नाही, उन्हाळ्यात तर तेच तिशीला असतं. तिथे बर्फ लागतो. एवढ्या वरणासाठी आठ-दहा किलो धरा. बर्फ पातेल्याबाहेर, वरणात नाही. बाजारातली लादी पिण्याच्या पाण्याची असेलच असं नाही. बर्फाचं बिल मी मंजूर करून घेतलंय, त्याची काळजी करू नका.

गरम करताना भात लहान घाण्यांत परता. एका कढईत दहा किलो टाकलात तर कडेचा करपतो आणि मधला कोमट राहतो. मधोमध ७५ अंश दिसलेच पाहिजेत, दोन मिनिटं. दाट वरण वरून फुटफुट उडतं आणि खाली लागतं, तेव्हा ते सगळीकडून उकळलंय असं वाटतं, पण तसं नसतं. थोडं गरम पाणी घालून सैल करा आणि तळापासून ढवळत रटरटू द्या. बेन-मारीत, म्हणजे वाढताना अन्न गरम पाण्यावर ठेवतो त्या भांड्यात, थेट गार वरण ओतू नका; ते भांडं अन्न गरम ठेवतं, गरम करत नाही. त्यात अन्न ६० च्या वर राहिलं पाहिजे. एकदा गरम केलेलं पुन्हा उरलं तर ते टाकायचं. वरण आंबूस लागलं म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकून फोडणी देणारे मी पाहिलेत. आपल्याकडे तसं कुणी केलेलं मला दिसलं तर टोप तिथेच ओतला जाईल.

थर्मामीटर भिंतीवरच्या खिळ्याला आहे. बर्फाच्या पाण्यात धरला तर शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात ९८ च्या आसपास दाखवेल. पुणं उंचावर आहे, १०० येणार नाही, म्हणून तो बिघडलाय असं समजू नका. एका भांड्यातून दुसऱ्यात घालताना पुसून घ्या.

प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून पदार्थ, तारीख आणि गार करायला घेतल्याची वेळ लिहा. चोवीस तासांत वापरायचं, नाहीतर टाकायचं. शिजलेलं वरच्या फळीवर, कच्ची भाजी आणि मांस खाली. रात्री वीज गेली तर फ्रीज उघडू नका, परत आल्यावर आधी मोजा. ५ च्या वर किती वेळ गेला हे सांगता येत नसेल तर भात टाकायचाच.

अन्न टाकायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे. माझाही होत नाही. म्हणून उरवूच नका. शनिवारी निम्मी पोरं गावी जातात, वहीतला आकडा बघून तांदूळ काढा. भात दोन घाण्यांत लावा, दुसरा साडेआठला, दारातली रांग बघून. पहिल्या आठवड्यात कमी पडला तर ओरडा मी खाईन.

सोमवारी संध्याकाळी पाचला सगळे भट्टीपाशी या. पातेली आणि बर्फ मी आणून ठेवतो, वीस लिटर वरण घेऊन एकदा सगळे मिळून गार करून बघू.

तुमचा,
मेस सुपरवायझर