मित्राच्या रिसेप्शनला दोन मिनिटं बोलायचंय?
दोन मिनिटं म्हणजे कागदावर साधारण 200 शब्द. किस्सा एकच घ्या, आणि मित्राच्या आजीसमोर सांगता येईल असा. कॉलेजातली जुनी प्रकरणं नकोतच. उदाहरणार्थ: परीक्षेच्या आदल्या रात्री मला ताप होता, तर हा अभ्यास सोडून डबा घेऊन आला. डबा काकूंनी भरलेला, म्हणजे त्याच्या घरच्यांचं कौतुकही आपोआप झालं. मुलीकडच्यांसाठी वेगळं आणि खरं काही हवं. साखरपुड्याला त्यांनी आम्हा मित्रांना आग्रहाने वाढलं, एवढंही पुरतं. ‘तुमची मुलगी आता आमची’ मात्र टाळा. आईवडिलांना ते टोचतं. आदल्या दिवशी घड्याळ लावून मोठ्याने वाचा. वेळ जास्त झाला, तर प्रस्तावना कापा, किस्सा नाही.