डायलिसिसवर असताना या चुका टाळा: मोजलेले पाणी आणि न मोजलेले मीठ

डायलिसिस युनिटमध्ये परिचारिका म्हणून काम करताना मला सर्वाधिक वेळा ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे, ‘सिस्टर, आज अर्धा तास लवकर सोडा.’ हीमोडायलिसिस, म्हणजे मशीनमधून रक्त गाळून शुद्ध करणे, साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास चालते. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे 168 तास जे काम करतात, ते आपण 12 तासांत उरकायला बघतो, आणि त्यातलाही अर्धा तास रुग्णाला जास्त वाटतो. या घाईचे मूळ बहुधा दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत वाढलेल्या वजनात असते.

एका काकांचे उदाहरण सांगते. त्यांचे ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, 60 किलो होते. शुक्रवारनंतर दोन दिवसांची सुटी घेऊन सोमवारी ते आले, तेव्हा काट्याने 64.8 किलो दाखवले. दोन-तीन दिवसांत चरबी इतकी वाढत नसते. एक किलो म्हणजे एक लिटर, म्हणून हे सरळ 4.8 लिटर पाणी होते. चार तासांत ते काढायचे तर तासाला 1200 मिलिलिटर, अर्थात दर किलो वजनामागे 20 मिलिलिटर काढावे लागले असते. हा वेग 13 च्या वर गेला की हृदयावर ताण येतो, त्यामुळे चार तासांत सुरक्षितपणे निघण्यासारखे पाणी जेमतेम 3.1 लिटर होते. तरीही काका हट्टाला पेटले, ‘सगळे आजच काढा,’ आणि वेग ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढवला गेला. तिसऱ्या तासाला त्यांना जांभया येऊ लागल्या, कपाळावर घाम आला, पोटरीत गोळा आला आणि रक्तदाब कोसळला. पाणी काढणे थांबवून उलट सलाइन द्यावे लागले. जांभया हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण रक्तदाब उतरत असल्याची ती पहिली खूण असते आणि शेजारी बसलेले नातेवाईक ‘झोप येते आहे’ असे समजून गप्प राहतात.

काका शपथेवर सांगत होते की दिवसाला पाणी फक्त अर्धा लिटर पितो. ते खरेही होते. पण चहा, सूप, ताक आणि रसाळ फळे यांना त्यांनी पाण्यात धरलेच नव्हते, आणि मिठाचा तर विचारही केला नव्हता. साधारण नऊ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवते. मीठ पोटात गेले की तहान लागते, आणि त्या तहानेपुढे कोणाचाही निग्रह टिकत नाही. म्हणून मी पाण्याचा पेला मोजण्याआधी मीठ मोजायला सांगते. दिवसभराचे मीठ, सर्व पदार्थ मिळून, पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. खारवलेले आणि पाकीटबंद पदार्थ बंद करावेत. द्रवपदार्थांची मर्यादा डॉक्टरच ठरवतात, पण बहुधा आदल्या दिवशी झालेली लघवी अधिक अर्धा लिटर, असा हिशोब असतो. मीठ आटोक्यात आल्यावर त्याच काकांचे सोमवारचे वजन अडीच किलोच्या आसपास वाढू लागले आणि गोळे येणे थांबले.

‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ मात्र अजिबात वापरू नये. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते.

दुसरी चूक पेरिटोनियल डायलिसिसच्या रुग्णाचे पाहून हीमोडायलिसिसच्या रुग्णाने तसेच खाण्याची. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोटाच्या आतल्या अस्तराचाच गाळणीसारखा उपयोग होतो. नळीवाटे साधारण दोन लिटर द्रव पोटात भरायचा, चार ते सहा तास ठेवायचा, मग काढून नवा भरायचा, असे दिवसातून बहुधा चार वेळा करायचे. किंवा रात्री मशीनवर करायचे. ही सफाई रोज होत असल्याने फळे आणि पोटॅशियमची बंधने सहसा सैल असतात, पण त्या द्रवातून प्रथिने वाहून जातात, म्हणून ती जास्त खावी लागतात, आणि द्रवातली साखर शरीरात शिरत असल्याने वजन व रक्तशर्करा सांभाळावी लागते. शेजारच्या खाटेवरचा आहारतक्ता उसना घेऊ नये.

घरच्या पेरिटोनियल डायलिसिसमध्ये माझा सर्वांत मोठा राग हात धुण्याच्या टाळाटाळीवर आहे. महिनाभर सुरळीत गेले की मास्क सुटतो, पंखा चालू राहतो, हात ओले असतानाच नळीचे टोक जोडले जाते. त्या टोकाला एकदा बोट लागले तरी पोटाच्या अस्तराला जंतुसंसर्ग होऊ शकतो. मी बाहेर आलेली बॅग छापील कागदावर धरायला सांगते. खालची अक्षरे वाचता आली नाहीत, म्हणजे द्रव गढूळ आहे. पोट दुखत नसले तरी थांबू नये, आणि ती बॅग टाकून न देता तपासणीसाठी सोबत घेऊन त्याच दिवशी युनिटला जावे. द्रव अडखळत बाहेर येत असेल, तर नळीला दोष देण्याआधी पोट साफ होते आहे का ते पाहावे, कारण बद्धकोष्ठतेनेही तो अडतो.

हीमोडायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात, तिला फिस्टुला म्हणतात. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्यावर झोपू नये. रोज सकाळी तिथे बोट ठेवून थरथर जाणवते का ते पाहावे; ती थांबली असेल, तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच क्षणी दवाखान्यात फोन करावा.