चेहरे नारिंगी, सावल्या काळ्याकुट्ट: ट्रॅव्हल व्हिडिओला उबदार लूक देताना या चुका टाळा

कोकणातला कुठलाही नवा ट्रॅव्हल व्हिडिओ उघडा. जांभ्याची भिंत केशरी, समुद्र हिरवट-निळा आणि माणसं भिंतीच्याच रंगाची. पडवीच्या आत काय आहे ते दिसत नाही, कारण तिथे नुसता काळा डबरा आहे. खाली कमेंट असते, "भावा, कोणता लट वापरलास?" लट म्हणजे LUT, क्लिपवर एका फटक्यात टाकायचा रंगांचा तयार साचा. आणि पुढच्या आठवड्यात तसेच आणखी चार व्हिडिओ येतात.

मी डाविंची रिझॉल्व्हवर काम करतो. खाली जे सांगतोय ते त्याच्या फुकटच्या आवृत्तीत होतं, पण चुका कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये याच असतात.

क्लिप जुळवायच्या आधीच लूक लावणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्याबद्दल जास्त बोलणार आहे.

ओळखीतल्या एका मुलानं गुहागरच्या एका होमस्टेचा व्हिडिओ केला होता. मिररलेस कॅमेरा S-Log3 या लॉग प्रोफाइलवर, फोन आणि ड्रोन नेहमीच्या रंगात. एडिट चांगला होता, आवाज चांगला होता. मग त्यानं अख्ख्या टाइमलाइनवर एक अ‍ॅडजस्टमेंट क्लिप ताणली आणि तिच्यावर "वॉर्म सिनेमॅटिक" नावाचा लट टाकला. होमस्टेच्या काकूंनी व्हिडिओ बघून विचारलं, "अरे, मला कावीळ झाल्येय का रे?" त्यावर यानं काय करावं? सगळ्या व्हिडिओचं सॅच्युरेशन उतरवलं. आता काकू राखाडी आणि समुद्र मेलेला. त्यानंतर प्रोजेक्ट माझ्याकडे आला.

तो लट S-Log3 साठी बनवलेला होता. लॉगमध्ये चित्र मुद्दाम फिकं साठवलेलं असतं. S-Log3 मध्ये पूर्ण काळा 1023 पैकी साधारण 95 वर बसतो आणि मधला करडा 420 च्या आसपास. असा लट 95 ला काळा समजतो, तिथून खालचं सगळं शून्यावर ओढतो आणि फिक्या रंगांना जोर देतो. मिररलेसच्या क्लिपना ते चाललं. फोनच्या क्लिपमध्ये मात्र काळा आधीच शून्याजवळ होता आणि रंग आधीच गडद. तिथे पडवीचा कोपरा, काकूंचे केस, साडीच्या निऱ्या असं 95 च्या खालचं सगळं एका फटक्यात गेलं, आणि त्वचेला रंगाचा दुसरा हात बसला. म्हणजे काळ्या सावल्या आणि नारिंगी चेहरे हे दोन वेगळे रोग नव्हतेच. चुकीच्या क्लिपवर चुकीचा लट, एवढंच कारण.

दुरुस्ती कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही. अ‍ॅडजस्टमेंट क्लिप आधी उडवली. मिररलेसच्या प्रत्येक क्लिपच्या पहिल्या नोडवर, म्हणजे रंगकामाच्या पहिल्या पायरीवर, Color Space Transform लावून S-Log3 चं Rec.709, म्हणजे साध्या स्क्रीनचे नेहमीचे रंग, केलं. आता तिन्ही कॅमेरे निदान एका भाषेत बोलायला लागले.

मग समतोल. त्यासाठी मी एक क्लिप मुख्य धरतो, आणि ती नेहमी चेहऱ्याची असते, सूर्यास्ताची कधीच नाही. इथे काकू पडवीत मोदक वळतायत ती, दुपारी चारच्या उजेडातली. RGB परेड, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा शेजारी-शेजारी दाखवणारा आलेख, उघडायचा आणि फ्रेममध्ये जे खरंच पांढरं आहे ते शोधायचं. चुन्याची भिंत, धोतर, लाटेचा फेस, काहीही चालेल. त्या जागेचे लाल, हिरवा आणि निळा एका उंचीवर येईपर्यंत आधी पूर्ण चित्र हलवणारं ऑफसेटचं चाक, मग थोडं उजळ भागाचं, गेनचं. बाकीच्या क्लिप या क्लिपची स्टिल शेजारी ठेवून, वाइपनं अर्धी-अर्धी फ्रेम बघत जुळवायच्या. संध्याकाळच्या क्लिपमधलं पांढरं धोतर मात्र पांढरंफटक करू नका. ती ऊब सूर्याची आहे, ती पुसून वर लटची ऊब लावणारे लोक मी पाहिलेत.

हे झाल्यावरच लूक. सगळ्या क्लिप निवडून Add into a New Group करायचं, नोड एडिटरच्या वरच्या यादीतून Group Post-Clip निवडायचं आणि लूक तिथे एकदाच बनवायचा. म्हणजे उद्या ऊब कमी करावीशी वाटली तर एका नोडवर बदल केला की पूर्ण व्हिडिओ बदलतो, आणि क्लिपची आपापली जुळवणी तशीच राहते. व्हिडिओ एकसंध दिसतो तो या जुळवणीमुळे. लट कितीही महागाचा घ्या, तो हे काम करत नाही.

टेम्परेचरचा स्लायडर उजवीकडे सारून मोकळं होणं

हा स्लायडर पूर्ण चित्राला रंगवतो. पांढरं पिवळं होतं, काळं तपकिरी होतं, त्वचा तर मुळातच नारिंगीच्या पट्ट्यात असते, ती सगळ्यात आधी हाताबाहेर जाते. आणि गंमत म्हणजे एवढं करूनही व्हिडिओ उबदार वाटत नाही. फ्रेममध्ये कुठेच थंड किंवा स्वच्छ पांढरं उरलं नाही, तर डोळा त्या पिवळ्यालाच पांढरं समजून बसतो.

मी ऊब मधल्या उजेडात देतो. गॅमाचं चाक नारिंगीकडे जेमतेम हलवायचं. लिफ्टचं चाक उलट दिशेला, निळ्याकडे, त्याहूनही कमी, म्हणजे सावल्या तपकिरी होत नाहीत. गेनला शक्यतो हात लावत नाही, पांढरं जवळपास पांढरंच राहू देतो. किती हलवायचं? नोड बंद-चालू करून फरक लगेच डोळ्यात भरला, तर मी निम्मं परत घेतो.

त्यानंतर चेहरा तपासायचा, आणि तो नुसत्या नजरेनं नाही. दहा मिनिटं पिवळं चित्र बघितल्यावर आपली नजर साक्ष द्यायच्या लायकीची राहत नाही. चेहऱ्याभोवती पॉवर विंडो काढा, Shift+H दाबा, म्हणजे व्हेक्टरस्कोपवर, रंगांच्या गोल आलेखावर, फक्त तेवढ्याच भागाचा रंग दिसतो. स्कोपच्या सेटिंगमध्ये Show Skin Tone Indicator चालू केलं की लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी एक रेघ येते. गोरा, सावळा, काळा, कुठल्याही माणसाची त्वचा साध्या उजेडात या रेघेच्या आसपासच पडते. रेघेपासून पिवळ्याकडे सरकली तर काविळीचा कारभार, लालकडे सरकली तर उन्हानं भाजल्यासारखं.

आता नवशिके कुठे फसतात ते सांगतो. रंगाचा ढग बरोबर रेघेवर असतो, म्हणून ते खूश होतात, आणि चेहरा तरीही नारिंगी दिसतो. कारण रेघेची दिशा फक्त रंग सांगते. ढग मध्यापासून किती लांब गेला, ते सॅच्युरेशन. लूकचा नोड बंद करून ढगाचं टोक कुठे आहे ते बघा, मग चालू करा. ते दीडपट लांब गेलं असेल, तर रंग बरोबर असूनही चेहरा रंगवल्यासारखाच दिसणार. काकूंच्या क्लिपमध्ये हेच होत होतं. Hue Vs Sat कर्व्हवर नारिंगीचा बिंदू थोडा खाली ओढला, तेवढ्यावर भागलं.

"नुसती त्वचाच क्वालिफायरनं निवडली तर?" असं मला हमखास विचारतात. निवडा ना. पण मागे जांभ्याची भिंत असेल आणि अंगणात लाल माती, तर क्वालिफायर चेहऱ्याबरोबर त्यांनाही उचलतो, कारण रंग जवळपास तोच आहे. मग विंडो काढा, ती ट्रॅक करा, काकू वळल्या की पुन्हा ट्रॅक करा. गिऱ्हाईक पैसे देत असेल तर मी ते करतो. कर्व्ह खाली घेतल्यानं भिंतीचा रंगही जरा उतरतो, आणि खरं सांगायचं तर भिंतीलाही त्याची गरज असते.

लाल मातीवरून उसळलेला उजेड हनुवटीखाली पडतो, ती लाली खरी आहे. ती काढायला जाऊ नका.

काळं म्हणजे सिनेमॅटिक, हा गैरसमज

कॉन्ट्रास्टचा आकडा वाढवताना शेजारच्या पिव्हटकडे कुणी बघतच नाही. रिझॉल्व्हमध्ये तो मुळात 0.435 वर असतो. त्याच्या वरचं उजळतं, खालचं गडद होतं. माजघरातली चुलीजवळची क्लिप असेल, तर जवळजवळ सगळंच चित्र त्या आकड्याच्या खाली आहे, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवताना तुम्ही फक्त अंधार वाढवताय. अशा क्लिपला पिव्हट 0.3 च्या आसपास आणा, मग कॉन्ट्रास्ट द्या.

सावली मेली की नाही ते वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, कळतं. तळाला दाट, सपाट, ठळक रेघ दिसली की समजायचं तिथला तपशील गेला. मी सर्वात गडद भाग 1023 पैकी 30 ते 50 दरम्यान ठेवतो आणि शून्याला फक्त एखादी फट किंवा केसांची खोल सावली टेकू देतो. तेवढी जागा सोडायचं आणखी एक कारण आहे. अपलोड केल्यावर व्हिडिओ दाबला जातो आणि सगळ्यात आधी गडद भागाचे चौकोन पडतात.

मग काही जण उलट टोकाला जातात, काळा उचलून 100 च्या वर ठेवतात आणि त्याला फिल्मचा लूक म्हणतात. ते नुसतं धुरकट दिसतं. कर्व्हच्या खालच्या Soft Clip मधला Low Soft थोडा वाढवून बघा, सावली एकदम तुटण्याऐवजी हळू उतरते. फोनवर अंधारात शूट केलेल्या क्लिपमध्ये मात्र जे नोंदलंच गेलं नाही ते कुठल्याही चाकानं येत नाही. ती उजळली तर नुसते रंगीत दाणे मिळतात. ती गडदच राहू द्या किंवा कापा.

बाकीच्या, थोडक्यात

एकाच कॅमेऱ्याच्या क्लिप काहीही न करता काळ्या दिसत असतील, तर Clip Attributes मध्ये Data Levels बघा. Video आणि Full ची अदलाबदल झालेली असू शकते.

फोनचं ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा. शॉट चालू असताना सावलीतून उन्हात गेलात की रंग मध्येच बदलतो, आणि ते नंतर कीफ्रेमनं जुळवणं ही शिक्षा आहे. दिवसा 5600 वर लॉक करा आणि विसरा.

रात्रीच्या खानावळीच्या क्लिपसाठी वेगळा ग्रुप करा. ट्यूबलाइटची हिरवट छटा आधी टिंट मॅजेंटाकडे नेऊन काढायची, मगच ऊब. दिवसाचाच लूक तिथे चिकटवला, तर ताटातला भातही पिवळा येतो.

ग्रेडिंग करताना लॅपटॉपचा नाइट लाइट किंवा ट्रू टोन बंद ठेवा. चालू ठेवून रंग जुळवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

मॅकवर एक्स्पोर्ट केलेली फाइल क्विकटाइममध्ये फिकी दिसते, म्हणून परत जाऊन कॉन्ट्रास्ट वाढवू नका. तो त्या प्लेअरच्या गॅमा वाचण्यातला फरक असतो. तुम्ही भरून काढलेला काळेपणा टीव्हीवर आणि अँड्रॉइड फोनवर दुप्पट दिसेल. फाइल आधी दुसऱ्या एखाद्या फोनवर बघा.

आणि एक्स्पोर्टच्या आधी लाइटबॉक्स उघडून सगळ्या क्लिप लहान चौकटींत एकत्र बघा. जी क्लिप जुळलेली नसते ती तिथे लगेच दिसते. मला बहुतेक वेळा ती ड्रोनची सापडते.