नाव नसलेल्या धूनचा माग: पट्टी आणि लय मोजून शोध कसा आवळावा

बहिणीच्या शाळेच्या गॅदरिंगमधला नाच ज्या धूनवर बसवला होता, तिची कॅसेट आमच्या घरी अजून आहे. लेबल पुसलेलं, गाण्याला शब्द नाहीत, गायक नाही. बासरीसारखा वाजणारा कीबोर्ड, खालून बेस आणि ड्रम मशीनचा ठेका, एवढंच. शब्द असते तर मुखडा टाइप करून शोधता आलं असतं. गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपला दोनतीनदा ऐकवून पाहिलं, पण कॅसेट मूळ वेगाने वाजत नसेल तर ती अ‍ॅप्स गोंधळतात.

अशा वेळी एक वाट उरते. वाद्यसंगीताच्या बऱ्याच ऑनलाइन संग्रहांत Key आणि BPM असे दोन रकाने असतात आणि त्यांवरून यादी गाळता येते. Key म्हणजे धूनची पट्टी, BPM म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. हे दोन आकडे आपल्याला काढता आले, तर हजारो नावांची यादी चाळण्याजोगी होते. आकडे कसे काढायचे आणि कॅसेटचा वेग चुकलेला असताना ते दुरुस्त कसे करायचे, ते याच धूनच्या आधाराने सांगतो.

आधी लय

धून लावा आणि जिथे पाय आपोआप ठेका धरेल तिथे टाळी द्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एका टाळीची चूक झाली की उत्तर चार ठोक्यांनी बिघडतं. त्यापेक्षा चौसष्ट ठोके मोजावेत आणि त्यांना किती वेळ लागला ते पाहावं. पहिल्या टाळीला ‘एक’ नाही, ‘शून्य’ म्हणायचं. आपण टाळ्या मोजत नाही, दोन टाळ्यांमधली अंतरं मोजतो आहोत. इथे बहुतेक जण चुकतात आणि लय खरी असते त्यापेक्षा जास्त भरते.

कॅसेटचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलेलं असेल तर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रामात ड्रमचे ठोके उंच टोकांसारखे दिसतात. शून्याच्या टोकापासून चौसष्टाव्या टोकापर्यंतचा भाग निवडला की खाली वेळ वाचता येते. माझ्या धूनला ३९.० सेकंद लागले:

```
64 × 60 ÷ 39.0 = 98.46
```

हीच मोजणी धूनच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटाकडे एकदा करा. दोन्हीकडे उत्तर जवळपास सारखं आलं तर कॅसेट एकसारख्या वेगाने फिरते आहे. शेवटी लय उतरलेली दिसली तर कॅसेट वाजवताना सेल उतरत गेले असतील किंवा फीत कुठेतरी घासत असेल. अशा वेळी पुढची सगळी मोजणी एकाच छोट्या भागातून घ्यायची. सूर सुरुवातीचा आणि लय शेवटची, अशी मिसळ करू नये.

आणखी एक गोष्ट इथेच लिहून ठेवा: लयीची दुप्पट आणि निम्मी. ज्या धूनला मी ९८ म्हणतो, तिला संग्रहाचं यंत्र ४९ म्हणू शकतं किंवा १९७. केहरव्यात टाळी मात्रेवर द्यायची की एक सोडून एक, हा जो प्रश्न आपल्याला पडतो, तोच यंत्रालाही पडतो. दादऱ्यासारख्या तीन-तीनच्या चालीत तर ते कधी दीडपट लयही धरतं.

मग पट्टी

पट्टी काढायची म्हणजे सा शोधायचा. धून जिथे विसावते, ज्या सुरावर ‘संपलं’ असं वाटतं, तो सूर गुणगुणत राहा. बेस ऐकू येत असेल तर तो समेवर बहुतेक वेळा साच धरतो. आता हार्मोनियमवर किंवा फोनमधल्या कीबोर्डवर एकेक पट्टी दाबत तो सूर कुठे मिसळतो ते पाहा. सगळ्या धूनखाली तो सूर तानपुऱ्यासारखा धरून ठेवला आणि कुठेच टोचला नाही, तर सा सापडला.

मग गंधार ऐका. शुद्ध असेल तर संग्रहात major बघायचं, कोमल असेल तर minor. आपल्या नावांची त्यांच्या नावांशी जुळणी सोपी आहे. पांढरी एक म्हणजे C, पांढरी दोन D, पांढरी चार F. काळी एक म्हणजे C#, काळी दोन D#. काळ्या पट्ट्यांना प्रत्येकी दोन नावं असतात, म्हणून काळी दोन शोधताना D# आणि Eb दोन्ही पाहावं लागतं.

माझ्या धूनमध्ये गंधार कोमल होता, पण सा काही केल्या मिसळेना. पांढरी दोन दाबली की धून चढी वाटायची, काळी दोन दाबली की उतरलेली. सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकलेला होता. कीबोर्ड आणि ड्रम मशीनच्या धूनमध्ये असं झालं तर कानाला दोष देऊ नका. ती वाद्यं कारखान्यातूनच ठरलेल्या सुरात येतात, त्यामुळे वेग चुकलाय तो फितीचा.

किती चुकलाय ते कळायला सूर हर्ट्झमध्ये मोजावा लागतो. ऑडॅसिटीत साचा लांबवलेला भाग निवडून Analyze मेनूतून Plot Spectrum उघडा आणि Size १६३८४ करा. शिखरावर कर्सर नेला की Peak पुढे आकडा दिसतो. शक्यतो तार सप्तकातला सा घ्यावा, कारण दोनतीन हर्ट्झची चूक तिथे टक्केवारीत निम्मी ठरते. माझा आकडा आला ६०२.६. त्या सप्तकात पांढरी दोन असते ५८७.३३ वर आणि काळी दोन ६२२.२५ वर.

दोन आकडे एकाच दोरीने बांधलेले

या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वांत आवडणारं काम इथे आहे. फीत जलद फिरली की सूर चढतो आणि लयही वाढते, आणि दोन्ही अगदी त्याच प्रमाणात. म्हणून मूळ पट्टी कोणती हे गृहीत धरलं की मूळ लय आपोआप ठरते. दोन्ही शक्यता करून पाहू:

```
D  धरल्यास : 602.6 ÷ 587.33 = 1.026    98.46 ÷ 1.026  = 95.96
D# धरल्यास : 602.6 ÷ 622.25 = 0.9684   98.46 ÷ 0.9684 = 101.67
```

पांढरी दोन धरली तर लय जवळजवळ नेमकी ९६ येते. ड्रम मशीनवर लय आकडा देऊन ठरवतात आणि तो बहुतेक वेळा पूर्णांक असतो. काळी दोन धरली तर १०१.६७ हा अधलामधला आकडा येतो. म्हणून मी D minor, ९६ ही जोडी आधी शोधायची ठरवली आणि D# minor, १०२ ही जोडी राखून ठेवली. मोजमापात थोडी चूक असतेच, तेव्हा पूर्णांक जुळणं हा पुरावा भक्कम आहे, पण त्याने दुसरी शक्यता बाद होत नाही. कॅसेट प्लेअर फारच बिघडलेला असेल तर आणखी एक पट्टी खाली, म्हणजे C# minor सुद्धा तपासावी लागेल.

याच प्रमाणातून तिसरा आकडाही मिळतो: धूनची लांबी. कॅसेटवर ती ३ मिनिटं १५ सेकंदांची आहे. १९५ ला १.०२६ ने गुणलं की २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. हा आकडा धून अखेरपर्यंत रेकॉर्ड झाली असेल तरच वापरावा. आवाज हळूहळू विरत जाऊन संपत असेल तर पाचसात सेकंद इकडेतिकडे धरा.

काही जण फितीचा वेग तपासायला विजेच्या गुणगुणीचा आधार घेतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा ती गुणगुण ५१.३ वर दिसली तर वेग तितक्याच पटीने जास्त. कल्पना चांगली आहे, पण १९९०च्या दशकात आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० वर नीट टिकत नसे. शिवाय ऐकतानाच्या यंत्राची स्वतःची गुणगुण त्यात मिसळते. सूर-लयीच्या उत्तराला दुजोरा म्हणून बघावं, एवढंच.

शोधताना

लयीच्या रकान्यात ९६ एवढंच न टाकता ९५ ते ९७ टाका. तेवढ्यात काही हाती लागलं नाही तर ४७ ते ४९ आणि १९० ते १९४ पाहा.

पट्टीच्या रकान्यात D minor सोबत F major सुद्धा निवडा. दोघांच्या पट्ट्या तंतोतंत त्याच आहेत, फरक आहे तो फक्त सा कुठे धरला याचा. सूर ओळखणारं यंत्र कोणते सूर किती वेळा आले यावर बराच भर देतं आणि त्यामुळे या दोघांत वारंवार गफलत करतं. पंचमालाच सा धरण्याची चूकही होते, म्हणून तिसऱ्या फेरीत A minor पाहायला हरकत नाही. डीजे लोकांसाठी केलेल्या याद्यांत पट्टीऐवजी घड्याळासारखे अंक असतात: तिथे D minor म्हणजे 7A आणि F major म्हणजे 7B.

हे दोन रकाने लावल्यावर वाद्यसंगीत आणि ३:१० ते ३:३० ही लांबी जोडली, तेव्हा माझ्यापुढे चौदा नावं उरली. ती एका बसणीत ऐकून होतात. D minor खाली काही लागलं नाही. धून सापडली F major खाली.

सापडली असं वाटलं तरी खात्री करून घ्यावी, कारण एकाच धूनची दोनतीन रेकॉर्डिंग्ज असू शकतात. कॅसेटची फाइल ऑडॅसिटीत उघडून Change Speed and Pitch मध्ये ०.९७५ टाका (१ भागिले १.०२६). मग सापडलेली फाइल तिच्या खालच्या ट्रॅकवर ठेवून पहिला ठोका जुळवा आणि दोन मिनिटांवर जाऊन बघा. तिथे थोडा फरक दिसेलच, कारण कॅसेटचा वेग डुलतो आणि आपण आकडाही थोडा गोल केला आहे. पण तोच सूर, तोच ड्रमचा तोडा त्याच क्रमाने आला पाहिजे. एखादा तोडा एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं दिसलं तर ते वेगळं रेकॉर्डिंग.

ही रीत चालते ती ठरलेल्या सुराच्या वाद्यांवर आणि ठरलेल्या लयीवर. गायकाच्या गळ्याप्रमाणे तानपुरा लावलेल्या मैफलीत सा मुळातच पांढरी एक आणि काळी एकच्या मध्ये असू शकतो, तेव्हा अधला सूर म्हणजे फितीचा दोष असं म्हणता येत नाही. ख्यालात लय वाढत जाते, विलंबितात तर यंत्राला मात्राच सापडत नाही. तिथे Key आणि BPM सोडून राग, ताल आणि गायकाचं घराणं यांवरूनच शोधावं.

आमच्या धूनमध्ये कॅसेटवर न ऐकू आलेला एक भाग निघाला, अगदी सुरुवातीचे चार ठोके. रेकॉर्डिंगचं बटण उशिरा दाबलं गेलं असणार. बहिणीला ऐकवलं तर ती म्हणाली, ‘आम्ही याच चार ठोक्यांवर रांगेत आत यायचो.’