खोटे गुण सांगितल्यानंतर

एम.ए. मानसशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी मी कोल्हापुरात वसतिगृहांत राहणाऱ्या ४० विद्यार्थिनींना शब्दकोडी देणार होते. निम्म्या मुलींना, त्यांनी ती कशीही सोडवली असली तरी, सरासरीपेक्षा कमी गुण मिळाल्याचे सांगायचे आणि पुढचे कोडे त्या सोपे निवडतात की अवघड हे पाहायचे, अशी मांडणी होती. संमतिपत्रात केवळ 'शब्दकोडी सोडवण्याच्या पद्धतींचा अभ्यास' असे लिहिले होते. गृहीतक आधी न सांगणे क्षम्य असते. परंतु जी गोष्ट आधी कळली असती तर एखादीने सहभागच नाकारला असता, ती लपवून घेतलेली सही ही संमती नव्हे. माझे खोटे गुण या दुसऱ्या प्रकारात मोडतात, हे मला पूर्वचाचणीत कळले.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी गुण ऐकून म्हणाली, "मला वाटलंच होतं." मी लगेच खरे सांगितले, तेव्हा तिने विचारले, "ताई, मला बरं वाटावं म्हणून म्हणताय का?"

हा अनुभव नवा नाही. रॉस, लेपर आणि हबर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवले की, गुण आधीच ठरवलेले होते हे सांगितल्यावरही सहभागी स्वतःची क्षमता त्या खोट्या गुणांवरूनच जोखत राहतात. मात्र असा समज मनात का चिकटून राहतो हेही समजावले, तर तो बराच सैल होतो. म्हणजे डीब्रीफिंग, अर्थात प्रयोगानंतर सहभागींना खरे काय ते उलगडून सांगणे, हे "ते खोटे होते" या एका वाक्यात संपत नाही.

पेच असा होता की, प्रत्येकीला तिथल्या तिथे उलगडा केला तर रात्री मेसमध्ये तो सर्वांना कळणार; आणि आठ दिवसांचे संकलन संपेपर्यंत थांबले तर पहिल्या दिवशीची मुलगी आठवडाभर स्वतःला कमी लेखत राहणार. नियमांच्या चौकटीत संकलन संपेपर्यंत थांबणे बसले असते, पण मला ते पटेना. मार्गदर्शक मॅडमनी फसवणूक टाळून काल्पनिक प्रसंग वाचायला देण्याचे सुचवले. तो मार्ग सर्वांत सुरक्षित होता. त्यातून मुली काय करतील असे त्यांना वाटते एवढेच कळले असते, प्रत्यक्षात काय करतात ते नाही.

अखेर एकाच रविवारी, एकाच सभागृहात, बंद पाकिटांतून गुण देऊन सारे संकलन दोन तासांत उरकले. संमतिपत्रात एक वाक्य वाढवले: काही माहिती मुद्दाम चुकीची दिली जाऊ शकते आणि तिचा उलगडा त्याच दिवशी होईल. यामुळे काही मुली सावध झाल्या असतील आणि परिणाम फिका पडला असेल. ही मर्यादा मी लघुप्रबंधात नोंदवली. शेवटी प्रत्येकीला कोडी देण्याआधी काढलेल्या चिठ्ठ्यांची यादी दाखवली, त्या चिठ्ठीनेच तिचे गुण ठरले होते हे तिला स्वतः ताडून पाहू दिले, समज का टिकतो ते सांगितले आणि सर्व कळल्यानंतर पुन्हा संमती विचारली. तिघींनी नकार दिला. त्यांच्या उत्तरपत्रिका त्यांच्या हाती परत दिल्या आणि विश्लेषण ३७ जणींचे केले.